बिहूच्या सेलचं पोस्टर आणि त्यावरची असमिया ओळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत बसून आसामातल्या कापड दुकानांची पोस्टरं करणारे मराठी डिझायनर आता बरेच आहेत. एप्रिलच्या बिहूच्या आधी ही कामं एकदम येतात. चित्र, रंग, मांडणी सगळं जमतं, आणि मग घोडं अडतं ते पाच-सहा असमिया शब्दांच्या ओळीवर. पुढचे प्रश्न त्या ओळीबद्दलचे आहेत. असमिया शब्द मी देवनागरीत उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहिले आहेत आणि जिथे टंकलेला मजकूरच पाहायला हवा तिथे मूळ लिपी दिली आहे.

हा नेमका कोणता सण? बिहू तर वर्षातून तीनदा येतो ना?

हो, तीनदा येतो, आणि पोस्टरांवरच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. वसंतातला बिहू म्हणजे बोहाग बिहू किंवा रोङाली बिहू. असमिया पंचांगात चैत्र संपून बोहाग, म्हणजे वैशाख, लागतो तेव्हाचा, साधारण १४ एप्रिलच्या सुमाराचा. कार्तिकातला काति बिहू शांत असतो. कोठारं रिकामी असतात, तुळशीपुढे आणि शेतात दिवे लावतात. जानेवारीतला माघ बिहू किंवा भोगाली बिहू हा सुगीनंतरचा, खाण्यापिण्याचा.

नव्या कपड्यांची मोठी खरेदी रोङालीलाच होते. पहिला दिवस गोरू बिहू, म्हणजे गुराढोरांचा. दुसरा मानुह बिहू, म्हणजे माणसांचा. त्या दिवशी नवे कपडे घालतात, वडीलधाऱ्यांना नमस्कार करतात आणि गामोसा, म्हणजे लाल काठाचा पांढरा विणलेला पंचा, भेट देतात. या भेटीला बिहुवान म्हणतात. दुकानदाराला विकायचं असतं ते या दिवसासाठीचं कापड.

चित्रसंग्रहात 'बिहू' शोधलं की बांबू-गवताची उंच होळी हमखास सापडते. ती मेजी, माघ बिहूची. वसंताच्या पोस्टरवर ती नको. एप्रिलचं चित्र हवं असेल तर कोपौ फूल घ्या. आसामचं राज्यफूल असलेलं हे ऑर्किड याच दिवसांत फुलतं आणि बिहू नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात. ढोल, पेपा आणि गोगोना ही वाद्यंही चालतील. ओळ कितीही चांगली असली तरी मागे मेजी जळत असेल तर पोस्टर परक्याने केलंय हे लगेच कळतं.

इंग्रजीतली ओळ असमियात उतरवून दिली तर काय बिघडतं?

बरंच. एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. समजा, नलबाडीत एका कुटुंबाचं कापड दुकान आहे. गल्ल्यावर वडील, मालाच्या खरेदीला आई, आणि फोनवर तुमच्याशी बोलणारा मुलगा. तो हिंदीत सांगतो, 'बिहू सेल, वीस टक्के सूट, फॅमिली के साथ आइए.' तुम्ही शोधाशोध करून हे टंकता :

```
বিহু সেল! ২০% ছাড়! সপরিবারে আসুন
```

ही ओळ चुकीची दिसत नाही, कारण लिपी तीच वाटते. पण 'बिहू' सोडला तर हिच्यात असमिया काहीच नाही. सूट या अर्थी 'छाड' बंगालीत म्हणतात, असमियात 'रेहाइ'. 'आसुन' हे बंगाली 'या', असमियात 'आहोक'. 'सपरिवारे' हेही बंगाली वळणाचं. असमियात कुटुंबाला 'परियाल' म्हणतात. 'सेल' हा इंग्रजी शब्दही बंगाली पद्धतीने लिहिलेला आहे. तिथलं 'स' हे अक्षर असमियात आपल्या 'स'सारखं वाजत नाही, घशातून येणाऱ्या ख-ह च्या मधल्या आवाजासारखं वाजतं. म्हणून इंग्रजीतला 'स' ऐकू यावा यासाठी असमियात 'छ' किंवा 'च' लिहितात. 'सेल' असमियात 'छ' घालूनच लिहावा लागतो. एरवी वाचणारा ते 'खेल'सारखं काहीतरी वाचेल.

आता दुसरा मार्ग. तुम्ही एखाद्या शिकलेल्या ओळखीच्या माणसाला विचारता आणि तो शुद्ध असमिया वाक्य देतो, ज्याचा अर्थ होतो, 'रोङाली बिहूनिमित्त वस्त्रांवर विशेष सवलत देण्यात येत आहे.' व्याकरणात खोट काढता येणार नाही, पण हे सरकारी सूचनेसारखं वाजतं. बाजारात कोणी असं बोलत नाही. दुकान कुटुंबाचं आहे, गिऱ्हाईक दोन पिढ्यांच्या ओळखीचं आहे, त्याला 'देण्यात येत आहे' कशाला ऐकवायचं?

तिसरा मार्ग म्हणजे मुलाला इंग्रजी ओळ बाजूला ठेवायला सांगायचं आणि विचारायचं, 'चैत्रात गिऱ्हाईक दुकानात आलं की तुझी आई पहिलं काय म्हणते?' उत्तर बहुधा प्रश्नाच्या रूपात येतं. बिहू आला, बिहुवान घेतलंत का? मग ओळ तिथेच तयार असते :

```
ব'হাগ আহিল, বিহুৱান ল'লেনে?
```

उच्चार साधारण असा : 'बोहाग आहिल, बिहुवान लोलेने?' बोहाग आला, बिहुवान घेतलंत का? शब्द चारच आहेत. सण आला, कोणासाठी काय घ्यायचं ते आलं, आणि आदरार्थी रूपात विचारलं गेलं. बिहू अजून दोन आठवड्यांवर असला तरी 'आहिल' चालतं. मराठीत दिवाळीच्या आधीच 'दिवाळी आली' म्हणतात तसंच.

सवलत या ओळीत नाही, ती खाली येईल. त्याबद्दल पुढे.

'या', 'घ्या' यांची आदराची रूपं कशी ओळखायची?

असमियात तीन पायऱ्या आहेत : तोइ, तुमि, आपुनि. 'ये' म्हणायला तोइसाठी 'आह', तुमिसाठी 'आहा', आपुनिसाठी 'आहोक'. 'घे' हे अनुक्रमे 'लो', 'लोवा', 'लओक'. पोस्टरवर आपुनि. वरच्या ओळीतलं 'लोले' हेही आपुनिचंच भूतकाळी रूप आहे, आणि शेवटचं 'ने' प्रश्नाचं.

तरुणांसाठीच्या टी-शर्टच्या जाहिरातीत तुमि चालून जातं. पण बिहुवान वडीलधाऱ्यांना दिलं जातं आणि पोस्टर आजीही वाचणार असते. तिथे तुमि खटकेल.

बंगाली आणि असमिया लिपी एकच नाही का? मग एवढा आग्रह कशासाठी?

पुष्कळशी अक्षरं सारखी आहेत, युनिकोडमध्येही दोन्ही भाषा एकाच विभागात आहेत. फरक मुख्यतः दोन अक्षरांचा आहे, पण ती दोन्ही इतकी वापरात आहेत की ती टाळून वाक्य होत नाही. पहिलं 'र', दुसरं 'व' :

```
असमिया र : ৰ   U+09F0
बंगाली र  : র   U+09B0
असमिया व : ৱ   U+09F1
```

बंगाली 'र'खाली टिंब असतं. असमिया 'र'ला टिंब नसतं, पोटात तिरकी रेघ असते. असमिया 'व' बंगालीच्या चालू लेखनात नाहीच. त्यामुळे बंगाली कळफलकावर 'बिहुवान' टंकायला गेलात की 'बिहुबान' होतं किंवा 'व'च्या जागी भलतीच जोडणी येते. आपल्या पोस्टरचा मुख्य शब्दच मोडतो.

आग्रहाचं कारण मात्र अक्षरांच्या पलीकडचं आहे. ब्रिटिशांनी १८३६ मध्ये आसामात न्यायालयांची आणि शाळांची भाषा बंगाली केली आणि असमियाला तिची जागा परत मिळायला १८७३ उजाडलं. मधल्या काळात शिवसागरच्या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये 'अरुणोदोइ' हे असमिया मासिक काढलं, आणि ही स्वतंत्र भाषा आहे हे मांडण्यासाठी आनंदराम ढेकियाल फुकनांसारख्या माणसांनी लेखणी झिजवली. भाषेवरून विसाव्या शतकातही आसामात मोठी आंदोलनं झाली. ही आठवण घराघरात आहे. म्हणून बिहूच्या पोस्टरवर टिंबाचा 'र' दिसला की तो टंकनदोष म्हणून सोडून दिला जात नाही. दुकानदाराला तोंडावर ऐकवलं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा त्याच निर्णयात असमियाही होती आणि बंगालीही. आपल्याला या भावना समजायला अवघड जाऊ नये.

चुकून बंगाली 'र' राहिला आहे का, हे असमिया न येणाऱ्याने कसं तपासायचं?

मजकूर साध्या नोंदवहीत, म्हणजे कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा आणि वरच्या चौकटीतला बंगाली 'र' शोधा. एकही सापडता कामा नये. डोळ्यांवर विसंबू नका, कारण जोडाक्षरात फरक दिसतच नाही. 'एप्रिल'मधला 'प्र' घ्या. त्यात 'र' नागमोडी रेघ होऊन खाली जातो आणि बंगाली 'र' घातला असो की असमिया, बहुतेक टाइपांत चित्र सारखंच उमटतं. छापील पोस्टरला त्याने फरक पडत नाही. पण तोच मजकूर दुकानाच्या पानावर किंवा फोनवरच्या कॅटलॉगमध्ये गेला की असमिया कळफलकावरून शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

टंकताना कळफलकाची भाषा असमिया निवडा. 'लिपी तीच आहे' म्हणून बंगाली निवडू नका. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

सवलतीची ओळ कशी लिहायची?

आधी दुकानदाराकडून खरं काय ते काढून घ्यायचं. आपल्या नलबाडीच्या दुकानात 'वीस टक्के सूट' म्हणजे काय, असं खोदून विचारल्यावर कळतं की सुती मेखेला-सादोरांवर, म्हणजे असमिया बायकांच्या दोन तुकड्यांच्या पोशाखावर, दहा ते वीस टक्के आहे, रेशमी मालावर नाही, आणि हातमागाच्या गामोशांवर तर मुळीच नाही, कारण त्यात विणणाऱ्या बाईला पैसे देऊन दुकानाला फार उरत नाही. मग ओळ अशी होते :

```
কপাহী মেখেলা-চাদৰত ২০% লৈকে ৰেহাই
১৩ এপ্ৰিললৈকে
```

उच्चार : 'कोपाही मेखेला-सादोरोत कुरि खोतांखो लोइके रेहाइ.' सुती मेखेला-सादोरांवर २० टक्क्यांपर्यंत सवलत, १३ एप्रिलपर्यंत. या ओळीतला 'लोइके' म्हणजे 'पर्यंत'. जागा कमी पडली की डिझायनर पहिला तोच उडवतो, आणि सगळ्या सुती मेखेला-सादोरांवर सरसकट वीस टक्के असा अर्थ होतो. मग गल्ल्यावर वाद होतात आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. 'लोइके' हवाच, आणि बारीक अक्षरांत नको. आकड्याच्या निदान निम्म्या उंचीचा तरी हवा.

'कोपाही' म्हणजे सुती. हा एक शब्द घातल्याने रेशमाच्या गिऱ्हाइकाचा गैरसमज टळतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बिहुवान आणि सवलत एकाच ओळीत जोडू नयेत. बिहुवान ही मानाची भेट आहे. ती सवलतीत मिळते हे मोठ्या अक्षरांत लिहिणं देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही नको असतं. 'स्वस्त' या अर्थाचा शब्द तर बिहुवानच्या आसपास कुठेही नको. म्हणून वरच्या ओळीत फक्त सण आणि भेट ठेवायची, सवलत वेगळ्या पट्टीत खाली.

आकडे असमिया लिहावेत की इंग्रजी?

दोन्ही चालतात, आसामात दोन्ही सर्रास दिसतात. पण एका पोस्टरवर एकच पद्धत ठेवा, आणि असमिया अंक घेणार असाल तर या दोन अंकांवर लक्ष ठेवा :

```
৪ = 4
৭ = 7
```

असमिया चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो आणि असमिया सात नऊच्या जवळ जातो. गुवाहाटीच्या फॅन्सी बाजारात हिंदी बोलणारं, बाहेरून आलेलं गिऱ्हाईक मोठं आहे. त्याला ४० टक्के सवलत ८० टक्के वाटते. तारखेचंही तेच. १४ एप्रिल असमिया अंकांत लिहिलं की परका माणूस १८ वाचतो आणि सेल संपल्यावर चार दिवसांनी दारात येतो. आपल्या ओळीत २० आणि १३ आहेत, त्यामुळे अडचण नाही. चार किंवा सात आलेच तर मी सगळे आकडे इंग्रजीत करायला सांगेन.

'मुगा' लिहिलं की माल भारी वाटतो. लिहू का?

माल खरोखर मुगा असेल तरच. मुगा हे मुख्यतः आसामात होणारं सोनेरी रेशीम आहे, २००७ पासून त्याला भौगोलिक निर्देशांक आहे, आणि अस्सल मुगाचा मेखेला-सादोर काही हजारांत मिळत नाही. किंमत त्याच्या कितीतरी पुढे जाते. दीड-दोन हजारांच्या संचावर नुसतं 'मुगा' लिहिलं तर आसामातली कोणतीही बाई ते खोटं आहे हे ओळखते. तसा माल फक्त रंगाने सोनेरी असेल तर 'मुगा रोङोर', म्हणजे मुगाच्या रंगाचा, असं लिहावं.

'हातमागाचं' हा दावाही जपून करा. गामोसा आणि मेखेला-सादोर हे १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात आणि यंत्रमागावरच्या अशा मालाच्या विक्रीवर आसाम सरकारने मार्च २०२३ पासून बंदीची अंमलबजावणी कडक केली. त्याच्या आदल्याच डिसेंबरात गामोशाला भौगोलिक निर्देशांक मिळाला होता. म्हणजे दुकानदार 'हातमागाचा गामोसा' लिहा म्हणाला तर तो माल कुठून घेतो हे एकदा विचारलं पाहिजे. सुवालकुची या विणकरांच्या गावातल्या किंवा आसपासच्या विणकरांची नावं तो लगेच सांगत असेल तर निर्धास्त लिहा. तो अडखळला तर ओळीत तो दावा नको.

शुभेच्छांची ओळ घालावी का?

घालायची असेल तर तळाशी, दुकानाच्या नावाजवळ. सगळ्यात रुळलेली ओळ :

```
ৰঙালী বিহুৰ শুভেচ্ছা জনালোঁ
```

म्हणजे रोङाली बिहूच्या शुभेच्छा देतो. 'जनालोँ'वरचा चंद्रबिंदू विसरू नका. 'मी' आणि 'आम्ही' यांच्या क्रियापदाला तो असमियात लागतोच आणि मराठी हाताने टंकताना तो हमखास गळतो.

याहून जिव्हाळ्याचं हवं असेल तर शुभेच्छेच्या जागी 'ओलोग' घ्या. वडीलधाऱ्यांपुढे वाकून केलेल्या नमस्काराचा भाव त्यात आहे, आणि जुन्या दुकानाच्या तोंडी तो शोभतो.

गोरू बिहूचं ते 'लाऊ खा, बेङेना खा' वापरलं तर? सगळ्यांना पाठ असतं.

पाठ असतं, पण ते गुरांसाठी आहे. नदीवर नेऊन त्यांना हळद आणि उडीद लावून आंघोळ घालतात, दुधी आणि वांग्याचे तुकडे त्यांच्यावर टाकतात आणि म्हणतात : दुधी खा, वांगं खा, दरवर्षी वाढत जा. कपडे घ्यायला आलेल्या माणसांना उद्देशून ते लिहू नये. काही तरुण दुकानदार मौजेने वापरू पाहतात; घरातल्या मोठ्या माणसांची परवानगी असल्याशिवाय मी ते करणार नाही.

गामोशाचं चित्र पार्श्वभूमीला घेतलं तर चालेल?

चालेल. पांढऱ्यावर लाल काठ बघितला की बिहू आठवतोच. मात्र गामोशाच्या विणलेल्या नक्षीवर किंमत छापू नका आणि तो पायपुसण्यासारखा खाली पसरलेला दाखवू नका. गामोसा नामघरात, म्हणजे वैष्णवांच्या प्रार्थनाघरात असतो, पाहुण्याच्या गळ्यात असतो. देवाचं नाव विणलेले गामोसेही असतात. असं चित्र निवडलं गेलं असेल तर ते सेलच्या पोस्टरवरून काढा.

मजकूर बरोबर होता, छापून आला तर वेलांट्या उलट्या! असं का होतं?

याची कारणं दोन. 'बिहू'तली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण टंकली जाते नंतर. चित्रसंपादनाच्या प्रणालीत भारतीय लिप्यांची मांडणी चालू नसेल तर ती अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये `World-Ready Layout` निवडून मजकूर पुन्हा टाका. देवनागरीत काम करणाऱ्यांना हे सवयीचं आहे. पण मराठीचं काम जुन्या, युनिकोड नसलेल्या टाइपांवर करणाऱ्यांनी ती सेटिंग कधी लावलेलीच नसते.

दुसरं कारण आसामातल्या छापखान्यात आहे. तिथल्या डीटीपीत रामधेनूसारख्या प्रणाली आणि गीतांजली कुळातले जुने टाइप अजून चालतात, जे युनिकोड नाहीत. तुमचा मजकूर तिथे चिकटवला की खिचडी होते, मग तिथला माणूस घाईत पुन्हा टंकतो आणि त्यात नव्या चुका शिरतात. त्यावर उपाय सोपा आहे : मजकूर दुकानदाराकडून पक्का झाल्यावर अक्षरांचं वक्ररेषांत रूपांतर करून पीडीएफ पाठवा. पण त्याआधी नाही, कारण नंतर एक अक्षरही बदलता येत नाही.

टाइप निवडताना 'र' आणि 'व' ही दोन असमिया अक्षरं त्यात आहेत का ते पाहा. काही बंगाली टाइपांत ती नसतात आणि संगणक दुसऱ्या टाइपातून उसनी आणतो. तेवढीच अक्षरं जाड किंवा बारीक दिसली तर समजा हेच झालंय. नोटो कुळातले बंगाली टाइप या कामी भरवशाचे आहेत.

'बिहू'मधला उकार कधी खाली दिसतो, कधी बाजूला गुंडाळलेला. बरोबर कोणता?

दोन्ही. 'ह'ला उकार जोडायची जुनी पद्धत वेगळ्या आकाराची आहे, 'शुभेच्छा'तल्या 'शु'चंही तसंच. टाइपनुसार रूप बदलतं. तो दोष समजून हाताने दुरुस्त करू नका.

अक्षरं किती मोठी हवीत?

पाट्यांचा ढोबळ हिशेब आहे की दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर एक इंच उंच हवं. रस्त्याच्या पलीकडून, चाळीस फुटांवरून वाचायचं तर चार इंच. तीन फूट रुंद फ्लेक्सवर चार इंची अक्षरांत चार शब्दांची ओळ एका रांगेत बसत नाही. 'बोहाग आहिल' वर आणि 'बिहुवान लोलेने?' खाली, अशा दोन रांगा करा. स्वल्पविरामावर तुटल्याने वाचायलाही बरं पडतं. रांगांत अंतर सढळ ठेवा, कारण वरच्या रांगेत उकार आला तर तो आणि खालच्या रांगेच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

शेवटी कोणाला दाखवून पक्कं करायचं?

फोनवर बोलणाऱ्या मुलाला नाही, किंवा निदान फक्त त्याला नाही. गुवाहाटी-बंगळुरात शिकलेली मुलं असमिया बोलतात अस्खलित, पण लिहायची सवय बऱ्याच जणांची सुटलेली असते. त्याच्या आईला, आजी असेल तर आइताला, ओळ मोठ्याने वाचायला सांगा आणि वाचताना ऐका. ती कुठे अडली, कुठे तिने नकळत शब्द बदलून वाचला, ते टिपा. बदललेला शब्द बहुधा अधिक बरोबर असतो. फोनवर तिला बाइदेउ म्हणा. आसामात मोठ्या बहिणीला आणि मानाच्या बाईला तसंच म्हणतात, आणि मग ती मोकळेपणाने चूक सांगते.

शुद्धलेखनाचे काही पर्याय दुकानावर सोडा. बोहागमधला वरचा स्वल्पविराम काही जण लिहितात, काही लिहीत नाहीत. गामोसा 'च' घालूनही लिहितात आणि 'छ' घालूनही. दुकानाच्या पाटीवर आणि पिशवीवर जे आहे तेच पोस्टरवर ठेवा. नलबाडीची बोली प्रमाण असमियाहून बरीच वेगळी आहे, पण पोस्टर प्रमाण भाषेतच असू द्या. बोली गल्ल्यावर बोलतात, आणि दुकानदारालाही छापील ओळ प्रमाणच हवी असते.

आसामात सगळीकडे हीच ओळ चालेल?

नाही. बराक खोऱ्यात, सिलचरकडे, बहुसंख्य लोक बंगाली बोलतात. तिथे असमिया पोस्टर लावण्याआधी दुकानदाराला विचारा. बोडो भागात याच दिवसांत ब्विसागु हा सण असतो आणि भेट आरोनाईची, म्हणजे विणलेल्या उपरण्याची असते. तिथे ओळ बोडोतच हवी, आणि बोडो देवनागरीत लिहितात, म्हणजे तुमचं टंकनाचं काम सोपं होतं. भाषेसाठी मात्र तिथलाच माणूस लागेल.

पोस्टर कधी लावायचं, आणि बिहू झाल्यावर काय करायचं?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लावावं. चैत्रातच घरोघरी बिहुवानाची तयारी सुरू होते. ज्यांच्या घरी माग चालू आहे त्यांना गामोसा विकत घ्यायचाच नसतो, त्यांना सूत आणि तयार मेखेला हवे असतात. दुकान सूतही ठेवत असेल तर ते खाली एका शब्दाने सांगा.

मानुह बिहूनंतर 'घेतलंत का' हा प्रश्न शिळा होतो, पण बिहूचे मंच बोहागभर, गावोगाव चालू असतात आणि नाचणाऱ्या मुलींना मेखेला-सादोर लागतच असतो. म्हणून मूळ फाइलमध्ये प्रश्नाची ओळ आणि तारखेची ओळ वेगवेगळ्या थरांवर ठेवा. १५ एप्रिलनंतर दोन्ही काढून शुभेच्छेची ओळ वर आणता येते, आणि दुकानदाराला फक्त वरची पट्टी पुन्हा छापावी लागते.